हसताना हिरड्या दिसतात: लेझर, बोटॉक्स की जबड्याचं ऑपरेशन?

प्रश्न: माझं वय २४, राहते सोलापुरात. हसले की वरच्या हिरड्या खूप दिसतात आणि दात बुटके दिसतात. एका डॉक्टरांनी सांगितलं, लेझरने एका बैठकीत हिरडी कापून देतो. दुसऱ्यांनी जबड्याच्या ऑपरेशनचं सुचवलं. वरचा ओठ आखूड आहे असंही एकजण म्हणाले. लग्न ५ महिन्यांवर आलंय. नक्की काय करून घेऊ?

उत्तर:

तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळाली म्हणून घाबरू नका, आणि कोणाला खोटंही ठरवू नका. हिरडी दिसण्याची कारणं चार-पाच आहेत आणि एकाच चेहऱ्यात दोन-तीन एकत्र असू शकतात. ज्याने जे पाहिलं, त्याचा इलाज त्याने सांगितला. मी हिरड्यांचा डॉक्टर आहे, त्यामुळे माझाही कल हिरडीकडेच जाणार हे धरून वाचा. म्हणून आधी मोजमापांचं बोलतो, कारण मापं कोणाच्या कलाने बदलत नाहीत.

मनमोकळं हसताना वरच्या दातांच्या वर १-२ मिलिमीटर हिरडी दिसणं हे अगदी नेहमीचं आहे, बायकांमध्ये तर जास्तच. ३ मिमीच्या पुढे गेलं की बघणाऱ्याच्या नजरेत यायला लागतं आणि ४ मिमीच्या पुढे आम्ही त्याला ‘गमी स्माइल’ म्हणतो. हा आजार नाही. वय वाढतं तसा वरचा ओठ थोडा खाली येत जातो आणि हिरडी आपसूक कमी दिसायला लागते. सेल्फीवरून मात्र काही ठरवू नका. मोबाइल तोंडाजवळ धरला की मधला भाग फुगून मोठा दिसतो. कोणाला तरी पाच-सहा फुटांवरून व्हिडिओ काढायला सांगा, गप्पा मारत असताना, खरंखुरं हसू येईल असा. डॉक्टरांसमोर खुर्चीत बसून लोक बेतानं हसतात. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक मुलींना तर हसताना पदर नाहीतर ओढणी तोंडावर न्यायची इतकी सवय झालेली असते की त्यांचं पूर्ण हसू टिपायलाच वेळ लागतो.

आता आरसा आणि मिलिमीटरची पट्टी घ्या. चार मापं लागतील.

पहिलं, ओठ सैल असताना दात किती दिसतात. ‘मामा’ म्हणा आणि ओठ जसे सुटतील तसे राहू द्या. वरच्या ओठाखाली पुढच्या दोन दातांचा किती भाग दिसतो ते मोजा. तुमच्या वयाच्या मुलीत ३-४ मिमी ठीक आहे. ६-७ मिमी दिसत असेल आणि ओठ मिटायला हनुवटी आवळावी लागत असेल, तर गोष्ट हिरडीपुरती नाही.

दुसरं, ओठाची लांबी. नाकाच्या बुडापासून, म्हणजे दोन नाकपुड्यांच्या मधून, वरच्या ओठाच्या खालच्या कडेपर्यंत. बायकांमध्ये साधारण २० ते २२ मिमी, पुरुषांमध्ये २२ ते २४.

तिसरं, हसताना ओठ किती वर जातो. पूर्ण हसून ओठाच्या कडेपासून दाताच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा आणि त्यातून पहिलं माप वजा करा. ६ ते ८ मिमी नेहमीचं. त्याहून बरंच जास्त असेल तर ओठ उचलणारे स्नायू जोरदार आहेत, ओठ आखूड असेलच असं नाही.

चौथं माप सगळ्यात दुर्लक्षित आणि तुमच्या बाबतीत बहुधा सगळ्यात कामाचं, ते म्हणजे दाताची दिसणारी उंची आणि रुंदी. वरचा मधला दात साधारण ८ ते ८.५ मिमी रुंद आणि १० ते ११ मिमी उंच असतो. रुंदी उंचीच्या पंच्याहत्तर ते ऐंशी टक्के असली की दात देखणा दिसतो. तुमचा दात ८ रुंद आणि ७.५ उंच भरला, म्हणजे चौकोनीच किंवा आडवा, तर एकतर तो झिजलाय, नाहीतर त्याचा वरचा भाग हिरडीखाली दडलाय. चोविसाव्या वर्षी झिजलेला दात टोकाकडे सपाट, चिरलेला, कडा घासलेल्या असा दिसतो. टोक नीट असेल तर दात बुटका नाही, झाकलेला आहे.

हे झाकणं कुठून येतं ते सांगतो, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर आहे. दात तोंडात येतो तेव्हा सुरुवातीला त्याच्या बऱ्याच भागावर हिरडी असते. पुढच्या वर्षांत ती हळूहळू मागे सरकते आणि इनॅमल जिथे संपून मूळ सुरू होतं, त्या दाताच्या मानेजवळ येऊन थांबते. काहींमध्ये हे सरकणं अर्धवट राहतं. हिरडी निरोगी असते, गुलाबी असते, रक्त येत नाही, फक्त जागा चुकलेली असते. ही प्रक्रिया विशीपर्यंत चालू राहू शकते, म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीची हिरडी सौंदर्यासाठी कापायला मी तयार होत नाही. तुमचं वय त्या पलीकडे गेलंय.

फुगलेल्या हिरड्यांची गोष्ट वेगळी, ती इथेच संपवतो. कीटण साचून, तारा लावलेल्या असताना ब्रशिंग नीट न झाल्यामुळे, किंवा काही औषधांमुळे हिरडी वाढते. फिट्सचं फेनिटॉइन, ब्लड प्रेशरचं अॅम्लोडिपिन किंवा निफेडिपिन, आणि किडनी बदललेल्यांना देतात ते सायक्लोस्पोरिन, ही त्यातली ठरलेली नावं. अशा हिरडीला आधी सफाई आणि फिजिशियनशी बोलून औषधाचा विचार, मग गरज पडली तरच कापणं. औषध स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. तारा नुकत्याच काढल्या असतील तर काही महिने थांबा, बरीचशी सूज आपली आपण उतरते.

तर मानेपाशी न सरकलेल्या हिरडीकडे येऊ. इथेच लेझरवाल्या डॉक्टरांना विचारायचा प्रश्न आहे: हाड कुठे आहे?

हिरडीखाली दाताला धरून हाड असतं. हाडाची कड आणि हिरडीची कड यांच्यामध्ये शरीर ठरावीक अंतर राखतं. हिरडी दाताला चिकटते तो पट्टा साधारण २ मिमीचा असतो, १९६१ साली शवांच्या जबड्यांवर मोजून हा आकडा आला आणि आजही तोच धरून आम्ही काम करतो. त्यावर वरची मोकळी खाच धरली की हाडापासून हिरडीच्या कडेपर्यंत एकूण ३ मिमीच्या आसपास होतं. माणसागणिक थोडाफार फरक पडतो. ही जागा कापून कमी केली तर शरीर ती परत मिळवतं, एकतर हिरडी पुन्हा वाढवून, नाहीतर तिथे कायमची सूज ठेवून.

एक केस आकड्यांसकट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. पंचविशीतली मुलगी, नवी पेठेत कापडाच्या दुकानात काऊंटरवर बसणारी, दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलायचं. एकदा दुसरीकडे लेझरने हिरडी कापून झाली होती. पहिले काही आठवडे छान दिसलं, दोन-तीन महिन्यांत जवळपास होतं तिथे आलं. डॉक्टरांनी ‘तुमची हिरडी फार वाढते’ असं सांगितलं. हिरडी वाढत नव्हती, ती परत आपल्या जागी येत होती.

मापं अशी निघाली. ओठ सैल असताना दात ३ मिमी दिसत होते, ठीक. ओठ २१ मिमी, ठीक. मधला दात ८ मिमी रुंद पण उंची ७.५ मिमीच. हसताना दाताच्या वर ५ मिमी हिरडी. म्हणजे ओठाच्या कडेपासून दाताच्या टोकापर्यंत १२.५, त्यातून सैल असतानाचे ३ वजा, ओठ ९.५ मिमी उचलला जातो. थोडा जास्त, पण फार नाही. जबडा आणि ओठाची लांबी यातून बाहेर पडले. उरलं दोन गोष्टींचं मिश्रण: मुख्यतः झाकलेले दात, आणि थोडा उचल्या ओठ.

मग भूल देऊन खुणा असलेल्या बारीक प्रोबने मोजलं. हिरडीच्या कडेपासून ३ मिमी खोल दाताची मान हाताला लागली, म्हणजे दाताची खरी उंची १०.५. प्रोब तसाच हिरडीतून हाडापर्यंत टेकवला, तर हाड कडेपासून ३.५ मिमीवर. मान आणि हाड यांच्यात फक्त अर्धा मिमी! तिथे दीड-दोन मिमी असायला हवं होतं. एक्स-रेवरून हे पुढच्या दातांच्या बाहेरच्या बाजूला नीट कळत नाही. मऊ भाग वेगळा दिसेल अशा रीतीने गाल-ओठ बाजूला धरून काढलेल्या सीबीसीटीवर, म्हणजे जबड्याच्या थ्री-डी स्कॅनवर कळतं, पण प्रोबने टेकवून बघणं स्वस्त आणि माझ्या मते जास्त भरवशाचं. आणखी एक माप घेतलं, घट्ट गुलाबी हिरडीचा पट्टा किती उंच आहे. तो ६ मिमी होता. याच्यावरची लालसर, हलणारी कातडी ती हिरडी नव्हे. ऑपरेशननंतर दाताशी निदान २-३ मिमी घट्ट पट्टा उरायलाच हवा.

आता हिशेब करा. आम्हाला हिरडीची कड २.५ मिमी वर न्यायची होती, म्हणजे दात १० मिमीचा होईल आणि ८ रुंदीला तो नेमका शोभेल. मानेवर अर्धा मिमी हिरडी मुद्दाम ठेवायची, मूळ उघडं पडलं तर थंड पाणी झोंबतं. फक्त लेझरने २.५ मिमी कापलं असतं तर नव्या कडेपासून हाड १ मिमीवर राहिलं असतं. शरीराला हवेत ३. म्हणजे २ मिमी हिरडी परत आली असती आणि हाती राहिला असता अर्धा मिमी. आधीच्या वेळी तिच्या बाबतीत हेच घडलं होतं.

म्हणून तिला हाडासकट काम लागलं. याला क्राउन लेंग्थनिंग म्हणतात. प्रक्रिया अशी: आधी दातांच्या साच्यावर नवी कड आखून पारदर्शक पट्टी बनवली, ती तोंडात बसवून तिच्या आईला आणि तिला आरशात दाखवली. लोकांना ‘किती’ हे शब्दांत कळत नाही, पाहिल्यावर कळतं. मग फक्त जागेची भूल. पट्टीच्या कडेने एका बाजूच्या दुसऱ्या उपदाढेपासून दुसऱ्या बाजूच्या उपदाढेपर्यंत हिरडी कापली, कारण हसताना तिचे तेवढे दात दिसत होते. सगळ्या दातांवर कड एका रेषेत ठेवायची नसते. सुळ्याची आणि मधल्या दाताची कड बरोबरीने, आणि त्या दोघांच्या मध्ये जो दात असतो त्याची अर्धा ते एक मिमी खाली. हे चुकलं की दात नीट असूनही हसू खोटं वाटतं. दोन दातांच्या फटीतली हिरडीची टोकं, आम्ही त्यांना पॅपिला म्हणतो, त्यांना हात लावला नाही. ती गेली तर दातांमध्ये काळे त्रिकोण दिसतात आणि ते भरून आणणं फार अवघड आहे. मग हिरडी हलकेच उचलून मागचं हाड पाण्याच्या फवाऱ्याखाली ड्रिलच्या बारीक बरने आणि हातातल्या चिझलने २ मिमी वर घेतलं, म्हणजे नव्या कडेपासून ३ मिमी झालं. मूळ खरवडायचं नाही आणि दातांमधल्या हाडाला धक्का लावायचा नाही. हाडाची बाहेरची जाड कड असेल तर ती थोडी पातळ करावी लागते, नाहीतर हिरडी तिथे फुगीर बसते. टाके घालून घरी पाठवलं.

दोन-तीन दिवस वरचा ओठ सुजला, नेहमीप्रमाणे. आठवड्याने-दहा दिवसांनी टाके काढले. तोपर्यंत त्या भागात ब्रश नाही, क्लोरहेक्सिडिनच्या माउथवॉशने चूळ. ते जास्त दिवस वापरलं आणि वर चहा प्यायलात तर दातांवर तपकिरी डाग पडतात, ते सफाईत निघतात, घाबरायचं नाही. सोलापुरात खाण्याचा प्रश्न निराळाच येतो: कडक भाकरी तीन आठवडे बंद आणि शेंगा चटणी तर अजिबात नाही, तिचा चुरा टाक्यांखाली जाऊन बसतो. वरण-भात, मऊ पोळी दुधात कुस्करून, असं चालवायचं. मिश्री लावणाऱ्यांना मी आधी सोडायला सांगतो, तंबाखूने हिरडीला रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम रेंगाळते.

तीन महिन्यांनी मोजलं तर मधला दात ९.८ मिमी, हसताना हिरडी २.५ ते ३ मिमी. उरलेलं थोडं उचल्या ओठाचं आहे हे तिला आधीच सांगितलं होतं आणि तिने तेवढ्यावर थांबायचं ठरवलं. मलाही ते पटलं. शून्य हिरडी दिसणारं हसू तरुण चेहऱ्याला नेहमी शोभतंच असं नाही.

लेझर मग कधी चालतं? हाड मानेपासून दीड-दोन मिमीवर आधीच असेल, म्हणजे नवी कड आणि हाड यांच्यात ३ मिमी उरत असेल, आणि कापून झाल्यावरही घट्ट पट्टा पुरेसा राहत असेल, तेव्हा. अशा वेळी लेझर, ब्लेड किंवा कॉटरी, कशानेही कापा, निकाल सारखाच. लेझरने रक्त कमी येतं आणि टाके लागत नाहीत, इतकाच फायदा. लेझर हे हत्यार आहे, निदान नाही. उलट घट्ट पट्टाच अरुंद असेल, समजा ३ मिमी, तर कापायचं नाही. हिरडी सोडवून आहे तशी वर सरकवायची आणि तिथे टाके घालून बसवायची.

आधी कापून घेतलेल्यांमध्ये गडबड कशी ओळखायची? ऑपरेशनला तीन-चार महिने होऊनही कड लाल, किंचित जाडसर, ब्रश केला की रक्त, आणि बाकी तोंड स्वच्छ असेल, तर बहुतेकदा हाड फार जवळ ठेवलंय. कड हळूहळू खाली येत असेल तरीही तेच. ते पुन्हा हाडासकट नीट करता येतं. उलट दात लांब दिसत असतील, मानेपाशी पिवळट मूळ उघडं असेल आणि थंड लागत असेल, तर जास्त कापलंय, आणि ते परत आणणं कठीण. म्हणूनच पहिल्या वेळी थोडं कमी कापलेलं मला परवडतं.

आता ओठाकडे. ‘ओठ आखूड आहे’ हे वाक्य फार सहज बोललं जातं. खरोखर आखूड, समजा १५-१६ मिमीचा, ओठ मी कमी पाहिले. बऱ्याचदा ओठ नेमका असतो आणि त्यामागचा जबडा उभा लांब असतो. चादर आखूड पडतेय की खाट लांब आहे, हे पट्टी लावल्याशिवाय कळत नाही. खरा आखूड ओठ लांब करण्याच्या शस्त्रक्रिया आहेत, पण निकाल बेभरवशाचा, मी तिकडे पाठवत नाही.

उचल्या ओठासाठी बोटॉक्स आहे. नाकपुडीच्या बाजूला, जिथे ओठ उचलणारे तीन स्नायू जवळजवळ एकत्र येतात, तिथे अगदी थोडा डोस, एका बाजूला साधारण २ ते ३ युनिट्स. काही दिवसांत परिणाम सुरू होतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि तीन ते सहा महिन्यांत उतरतो. गरोदरपणात, स्तनपान चालू असताना आणि स्नायूंच्या काही आजारांमध्ये देत नाहीत. बिघाड दोन प्रकारचे: एक बाजू कमी उठून हसू वाकडं होतं, किंवा डोस जास्त होऊन ओठ लांब, निर्विकार लटकतो. दोन्ही काही महिन्यांत आपोआप जातात, पण लग्नाचा अल्बम कायम राहतो. म्हणून पहिलं इंजेक्शन लग्नाच्या आठवड्यात कधीच नको. हवंच असेल तर सहा-सात आठवडे आधी घ्या, म्हणजे कमी-जास्त करायला वेळ मिळतो.

ओठाच्या आतल्या बाजूने कातडीची पट्टी काढून ओठ खाली बांधून ठेवण्याची शस्त्रक्रियाही आहे, लिप रिपोझिशनिंग. १९७३ मध्ये तिची पहिली नोंद झाली. दाढेपासून दाढेपर्यंत, जितकी हिरडी कमी करायची त्याच्या दुप्पट रुंदीची पट्टी काढतात. तत्त्वतः छान, पण वर्षभरात बरीचशी पूर्ववत होते असं मला दिसतं, म्हणून ठरावीक लोकांनाच सुचवतो: जबडा ठीक, दात पूर्ण उंचीचे, फक्त ओठ फार उचलला जातो आणि बोटॉक्स वारंवार नको, असे. आधी बोटॉक्स करून ‘ओठ कमी उचलला तर मी कशी दिसेन’ हे पाहून घेता येतं.

जबड्याचं ऑपरेशन कोणाला? ओठ सैल असताना ५-६ मिमीहून जास्त दात दिसतात, ओठ न आवळता मिटत नाहीत, नाकाच्या बुडापासून हनुवटीपर्यंतचा खालचा भाग मधल्या भागापेक्षा लांब, दातांची उंची पूर्ण १०-१०.५, आणि हिरडी फक्त पुढे नाही तर दाढांपर्यंत सलग दिसते. हे सगळं जुळलं तर वरचा जबडाच उभा वाढलेला आहे. इथे हिरडी कापली तर दात उगाच लांब दिसतील आणि हिरडी तरीही दिसतच राहील. पुढचेच दात खाली उतरले असतील आणि खालचे दात त्यांच्या मागे झाकले जात असतील, म्हणजे डीप बाइट, तर मात्र ऑपरेशन नाही. तारा आणि हाडात बसवलेले छोटे स्क्रू लावून ते दात दोन-तीन मिमी वर ओढता येतात.

खऱ्या जबड्याच्या केसमध्ये पूर्ण भूल देऊन वरचा जबडा नाकाच्या तळाच्या पातळीवर आडवा सोडवतात, ठरवलेली पट्टी काढून वर बसवतात आणि टायटॅनियमच्या प्लेट-स्क्रूने जोडतात. याला ‘ल फोर’ एक म्हणतात, १९०१ मध्ये फ्रेंच सर्जन रने ल फोर यांनी जबड्याच्या मोडणीच्या ज्या रेषा सांगितल्या त्यांतल्या पहिल्या रेषेवरून. खालचा जबडाही त्याबरोबर थोडा वर-पुढे फिरतो आणि हनुवटी उठावदार दिसते. त्याआधी वर्ष-दीड वर्ष तारा, नंतर पुन्हा काही महिने. ओठ आणि गाल काही काळ बधिर राहतात, काहींना थोडं बधिरपण कायम राहतं. नाकपुड्या रुंद व्हायला लागतात म्हणून सर्जन त्या आतून टाक्याने आवळतात. ओठही थोडा आखडतो, त्यामुळे ४ मिमी जबडा वर नेला तर नेमकी ४ मिमी हिरडी कमी दिसेल असा सरळ हिशेब करता येत नाही, सर्जनला तो आधी बसवावा लागतो. चेहऱ्याची वाढ थांबल्यावरच करायचं. ज्यांना ते खरंच लागतं, त्यांच्यासाठी दुसरा कोणताही इलाज त्याची जागा घेत नाही, हेही तितकंच खरं. निर्णय तारा लावणारे ऑर्थोडॉन्टिस्ट आणि जबड्याचे सर्जन, दोघांनी एकत्र बसून, बाजूने काढलेल्या एक्स-रेवर मापं घेऊनच व्हावा.

तुमच्याबद्दल दात बुटके दिसतात एवढीच खूण हाताशी आहे, तिच्यावरून मला झाकलेले दात आणि कदाचित उचल्या ओठ असं वाटतं. पण ‘मामा’ म्हणून मोजाल तेव्हा ६-७ मिमी आलं तर माझा अंदाज बाजूला ठेवा. ५ महिन्यांत जबड्याचं काम तर बसत नाही, तारांचाच काळ त्याहून मोठा आहे, लागत असेल तर लग्नानंतर शांतपणे करा. हिरडी-हाडाचं काम बसतं, पण लगेच ठरवलंत तर. दिसायला बरं वाटायला दीड महिना, कडेची जागा स्थिर व्हायला तीन महिने, पातळ हिरडीत सहा. दातांवर व्हिनिअर किंवा कॅप करायचा विचार कोणी डोक्यात घातला असेल, तर तो कड स्थिर झाल्यानंतरच, आधी केलात तर कॅपची कड उघडी पडेल. लग्नाला तीन महिन्यांहून कमी उरले तर मी हाडाला हात लावत नाही. तोवर थोडं बोटॉक्स, नाहीतर काहीच नाही.

पुढच्या भेटीला जाताना कागदावर ही चार मापं लिहून न्या आणि दोन्ही डॉक्टरांना विचारा: मान कडेपासून किती खोल, हाड किती खोल, घट्ट पट्टा किती. लेझरच्या डॉक्टरांनी भूल देऊन हाड टेकवून पाहिलं नसेल तर ते आधी करायला सांगा, त्याला काही मिनिटंच लागतात. खर्चाची अडचण असेल तर दंतमहाविद्यालयाच्या ओपीडीत हिरड्यांचा वेगळा विभाग असतो, तिथे मापं आणि क्राउन लेंग्थनिंग दोन्ही बरंच कमी पैशांत होतं. वेळ मात्र जास्त लागतो आणि तुमच्याकडे तोच कमी आहे, तेव्हा याच आठवड्यात नंबर लावा.